नव्वद सेकंदांत एकच अडचण: ॲपच्या डेमोची स्क्रिप्ट कशी लिहावी

ॲपचा डेमो लिहायला बसलं की बहुतेकांचा हात आधी मेन्यूकडे जातो. ॲप उघडा, नोंदणी करा, इथे हे बटण, तिथे ती सोय, शिवाय तीन भाषा आणि नवा रंग. नव्वद सेकंद संपतात तेव्हा ॲपमध्ये काय काय आहे, एवढं बघणाऱ्याला कळलेलं असतं. आपल्याला ते कशाला हवं, हे मात्र कळलेलं नसतं. अशा चित्रफितीला फार तर ॲपची ओळखपरेड म्हणता येईल. डेमोत एक माणूस कुठेतरी अडलेला दिसायला हवा, आणि ॲप वापरल्यावर तोच माणूस तिथून पुढे गेलेला दिसायला हवा. नव्वद सेकंदांत यापेक्षा जास्त काही मावत नाही आणि मावलं तरी लक्षात राहत नाही.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एक डेमो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लिहून बघू. त्यासाठी जागा घेऊ गोंदिया तालुक्यातलं बिरसी. विमानतळामुळे या गावाचं नाव जिल्ह्याबाहेर पोचलं, पण आजूबाजूचं पीक धानाचंच. आणि ॲप घेऊ राज्य सरकारचं ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ते राज्यभर वापरात आहे. महसूल आणि कृषी विभागांनी टाटा ट्रस्टच्या मदतीनं ते उभं केलं. आपल्या शेतात काय पेरलंय, हे शेतकऱ्यानं स्वतः शेतात जाऊन फोटोसह नोंदवायचं आणि ती नोंद सातबाऱ्यावर यायची, असा त्याचा हेतू. तुमचं ॲप दुधाच्या हिशेबाचं असो की बचत गटाचं, स्क्रिप्ट लिहिण्याची रीत हीच राहते.

आधी अडचण एका वाक्यात

कागदावर पहिलं वाक्य ॲपचं नाव न घेता लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यात: माणूस कोण, त्याला काय करायचंय आणि ते कुठे अडतंय. आपल्या उदाहरणात ते वाक्य असं होईल: ‘बिरसीच्या एका शेतकरी बाईला आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकायचा आहे, पण सातबाऱ्यावर धानाचा पेराच नोंदलेला नाही, त्यामुळे तिची नोंदणी अडेल.’

हे वाक्य सहज सुचत नाही. पहिल्या खर्ड्यात साधारणपणे असं काही येतं: ‘शेतकऱ्यांना पीक पाहणी सुलभ, पारदर्शक आणि जलद करता यावी.’ यात चूक काही नाही, पण कॅमेरा कशावर लावायचा? पारदर्शकतेचा फोटो निघत नाही, रिकाम्या रकान्याचा निघतो. अडचण बरोबर पकडली आहे की नाही, हे ओळखायची खूण हीच: त्या वाक्यातून दाखवता येईल अशी एक वस्तू निघाली पाहिजे. इथे ती वस्तू आहे सातबाऱ्याची प्रत.

दुसरी खबरदारी अशी की एकाच ॲपमध्ये सुटणाऱ्या अडचणी वेगवेगळ्या माणसांच्या असतात. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडंही नोंदवता येतात, पडीक क्षेत्रही नोंदवता येतं, चुकलेली नोंद ४८ तासांच्या आत दुरुस्तही करता येते. पीकविम्यासाठी नोंद हवी असलेला माणूस वेगळा, नुकसानभरपाईसाठी हवी असलेला वेगळा. या सगळ्यांना एका फितीत बसवलं तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा सेकंद येतात आणि कोणालाच ‘हे माझं आहे’ असं वाटत नाही. गोंदिया जिल्ह्यात धानाची सरकारी खरेदी हा घराघरातला विषय आहे. मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्या केंद्रांवर नोंदणी करताना सातबारा लागतोच, आणि त्यावर धान दिसावा लागतो. म्हणून इथे ही अडचण निवडायची. यवतमाळात डेमो करायचा असता तर कदाचित कापसाची वेगळी अडचण निवडली असती.

शेवटचं दृश्य पहिलं ठरवा

अडचण ठरली की सुरुवात लिहायला घेऊ नका. आधी शेवट लिहा. अडचण सुटली, हे कशावरून कळणार? ‘तुमची माहिती यशस्वीरीत्या साठवली आहे’ असा संदेश फोनवर येतो, तो पुरावा होत नाही. ॲप स्वतःच स्वतःला शाबासकी देतंय, एवढाच त्याचा अर्थ. आपली बाई अडली होती सातबाऱ्यावर, म्हणून सुटकाही सातबाऱ्यावरच दिसली पाहिजे. सुरुवातीला ज्या रकान्यावर बोट होतं, शेवटी त्याच रकान्यावर बोट, आणि आता तिथे धान.

इथे एक प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो. बांधीत उभं राहून नोंद केली की त्याच क्षणी ती सातबाऱ्यावर उमटत नाही. दुरुस्तीसाठी दिलेली मुदत जावी लागते, काही नोंदींची महसूल यंत्रणेकडून पडताळणीही होते. डेमोत मात्र ‘अपलोड’ आणि पुढच्याच क्षणी भरलेला सातबारा, असं सलग दाखवायचा मोह होतो. दाखवलं, तर बघणारी बाई संध्याकाळी सातबारा काढेल, रकाना रिकामाच बघेल आणि ॲप खोटं आहे असं म्हणेल. मधला वेळ लपवू नका, फक्त आखूड करा. काळ्या पाटीवर ‘काही दिवसांनी’ एवढे दोन शब्द दोन सेकंद दाखवले की काम होतं. ज्या ॲपमध्ये पैसे जमा व्हायला, माल पोचायला किंवा मंजुरी मिळायला वेळ लागतो, त्या प्रत्येक डेमोला हा नियम लावा.

बांधीत जाऊन टॅप मोजा

आता मधला भाग. तो टेबलावर बसून लिहिता येत नाही. फोन, वही आणि घड्याळ घेऊन जिथे ॲप वापरलं जाणार तिथेच जा आणि खऱ्या वापरणाऱ्याच्या हातात फोन द्या. तुम्ही मागे उभे राहून प्रत्येक टॅप लिहायचा: पडद्यावर काय आलं, बोट कुठे गेलं, किती सेकंद गेले आणि कुठे थांबायला झालं. पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे उतरवा. या ॲपची रूपं बदलत आली आहेत. २०२२ मध्ये दुसरी आवृत्ती आली, पुढे डिजिटल क्रॉप सर्व्हेची आली. आठवणीवर विसंबून बटणाचं नाव लिहिलं आणि ते पडद्यावर नसलं, तर नवखा माणूस तिथेच अडकतो.

बिरसीच्या बांधीत हा प्रवास साधारण असा होतो: मोबाइल क्रमांक टाकून प्रवेश, गावाची निवड, खातेदाराचं नाव, ‘पीक माहिती नोंदवा’, खाते क्रमांक, गट क्रमांक, हंगाम, पिकाचा वर्ग, पिकाचं नाव, क्षेत्र, सिंचनाचं साधन, सिंचनाची पद्धत, लागवडीची तारीख, फोटो, स्वयंघोषणा आणि शेवटी माहिती पाठवणं. हे सगळं शांतपणे करायला काही मिनिटं लागतात. आपल्याकडे यासाठी मिळणार आहेत फक्त पन्नास सेकंद.

मग निवडायचं कसं? प्रत्येक टॅपसमोर तीनपैकी एक खूण करा. जिथे माणूस खरोखर चुकतो किंवा घाबरतो, तो टॅप पूर्ण वेळ दाखवायचा. जिथे तो सहज पुढे जातो, तो झरझर दाखवायचा, आवाजाशिवाय. आणि जो आपल्या अडचणीचा भागच नाही, तो दाखवायचाच नाही.

या यादीत माणूस दोनच जागी अडतो. पहिली जागा क्षेत्राची. इथला शेतकरी एकरात बोलतो, तर सातबारा हेक्टर आणि आर यांत बोलतो. एक एकर म्हणजे सुमारे चाळीस आर, हेक्टरात लिहायचं तर ०.४०. एकराच्या हिशेबानं तिथे सरळ १ टाकला, तर नोंद एका हेक्टरची, म्हणजे जवळपास अडीच एकरांची होते. दुसरी जागा फोटोची. ॲप फोनच्या जीपीएसवरून बघतं की तुम्ही खरोखर त्या गटाजवळ आहात का. घरी खाटेवर बसून फोटो काढायला गेलं की गटापासून लांब असल्याचा संदेश येतो, आणि ‘ॲप चालत नाही’ अशी बातमी गावभर होते. या दोन जागांना डेमोचा जवळजवळ अर्धा मधला भाग द्यायचा. सिंचनाचं साधन आणि तारीख झरझर दाखवायची. मोबाइल क्रमांक आणि गावाची निवड पूर्णपणे गाळायची: फीत सुरू होते तेव्हा ॲपमध्ये प्रवेश झालेला आहे.

प्रवेश गाळायचा म्हटलं की ॲप बनवणारे हमखास हरकत घेतात, कारण नव्या माणसाला पहिली अडचण तिथेच येते असं त्यांचं म्हणणं असतं. म्हणणं खरं असेल, तर प्रवेशाची फीत वेगळी करा. या फितीचं काम आहे ‘मला हे करायला हवं’ असं वाटायला लावण्याचं. तसं वाटल्याशिवाय प्रवेशाची फीत कोणी बघत नाही.

दोन रकाने, सव्वाशे शब्द

स्क्रिप्टसाठी कागदाचे दोन उभे रकाने करा. डावीकडे दिसणारं, उजवीकडे ऐकू येणारं. दोन्ही रकान्यांत तेच लिहिलं गेलं असेल, तर एक खोडा. पडद्यावर बोट गट क्रमांकावर जाताना दिसतंय आणि आवाजही म्हणतोय ‘आता गट क्रमांकावर क्लिक करा’, यात आवाज वाया गेला. त्याऐवजी ‘मी उभी आहे तोच गट’ असं म्हटलं, तर का निवडायचा हे कळतं. हात काय करतोय ते चित्र सांगेल, का करतोय ते आवाजानं सांगावं.

शब्द किती, हेही आधी ठरवून घ्या. सावकाश, समजेल असं मराठी बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द जातात, म्हणजे नव्वद सेकंदांत १८०. पण तितके लिहिले तर आवाज एकदाही थांबत नाही, आणि आवाज चालू असताना माणसाला पडदा वाचता येत नाही. म्हणून सव्वाशेच्या आत राहा. उरलेला वेळ डोळ्यांसाठी आहे.

निवेदन कोणाच्या तोंडी द्यायचं? ‘आपण’, ‘वापरकर्ता’, ‘शेतकरी बांधवांनी’ असा सरकारी सूर लागला की फीत जाहिरातीसारखी किंवा परिपत्रकासारखी वाटू लागते. तीच बाई ‘मी’ म्हणून बोलली की वाक्यं आपोआप आखूड होतात. शब्दही तिचेच हवेत. गोंदियात भात शिजल्यावर होतो, शेतात उभा असतो तो धान; आणि तो उभा असतो बांधीत, खाचरात नाही. मात्र ॲपच्या यादीत पिकाचं नाव ज्या शब्दानं असेल, ते पडद्यावर स्पष्ट दिसू द्या, म्हणजे शोधताना गोंधळ होणार नाही.

पूर्ण स्क्रिप्ट

० ते १२ सेकंद
चित्र: पाण्यातला उभा धान. मग हातातली सातबाऱ्याची प्रत; बोट पिकाच्या रिकाम्या रकान्यावर.
आवाज: ‘बांधीत धान उभा आहे. सातबाऱ्यावर मात्र पेऱ्याचा रकाना रिकामा. असाच राहिला, तर आधारभूत केंद्रावर धान विकायला माझी नोंदणी होणार नाही.’

१२ ते २० सेकंद
चित्र: बांधावर उभी बाई फोन काढते. ॲप उघडलेलं, खातेदाराचं नाव निवडलेलं.
आवाज: ‘हा पेरा मी स्वतःच नोंदवते. बांधीतच उभं राहून, ई-पीक पाहणी ॲपवर.’

२० ते ३२ सेकंद
चित्र: पडद्याचं रेकॉर्डिंग. ‘पीक माहिती नोंदवा’, मग गट क्रमांकांची यादी, मग हंगाम.
आवाज: ‘“पीक माहिती नोंदवा”. माझ्या खात्यात दोन गट आहेत. मी उभी आहे तोच गट निवडते. हंगाम, खरीप.’

३२ ते ५० सेकंद
चित्र: पिकाची निवड. क्षेत्राची चौकट मोठी करून, ०.४० हे आकडे एकेक करून पडताना दिसतात. सिंचन आणि तारीख झरझर, आवाजाशिवाय.
आवाज: ‘पीक, धान. आता क्षेत्र. इथे एकर चालत नाही, हेक्टर आणि आर लागतात. माझी बांधी एक एकर, म्हणजे चाळीस आर. पॉइंट चार शून्य.’

५० ते ६८ सेकंद
चित्र: बाई बांधावर, फोन समोर धरलेला. पडद्यावर कॅमेरा, त्यात धान. फोटो निघतो. मग माहिती पाठवल्याचा पडदा.
आवाज: ‘आता फोटो. हा घरी बसून निघत नाही. गटापासून लांब असले, तर ॲप तसं सांगतं. म्हणून बांधावरूनच, धान नीट दिसेल असा. शेवटी माहिती अपलोड.’

६८ ते ८० सेकंद
चित्र: काळी पाटी, ‘काही दिवसांनी’. मग सातबाऱ्याची नवी प्रत. बोट त्याच रकान्यावर.
आवाज: ‘काही दिवसांनी काढलेला हा सातबारा. तोच रकाना, आता त्यात धान, चाळीस आर.’

८० ते ९० सेकंद
चित्र: प्रत पिशवीत ठेवताना हात. शेवटची पाटी: ॲपचं नाव, या हंगामाची मुदत, मदतीसाठी कोणाकडे जायचं.
आवाज: ‘केंद्रावर नोंदणीला जाताना हाच सातबारा नेणार. तुमचा रकाना एकदा बघून घ्या.’

सगळे मिळून सुमारे ११५ शब्द होतात. ‘तुमचा रकाना एकदा बघून घ्या’ हे शेवटचं वाक्य मुद्दाम तसं आहे. ‘आजच ॲप डाउनलोड करा’ म्हटलं तर बघणारा उद्यावर ढकलतो. रकाना बघणं मात्र त्याला आत्ताच जमतं, आणि तो रिकामा निघाला की ॲपकडे त्याला कोणी ढकलावं लागत नाही.

काय काढलं आणि का

या स्क्रिप्टच्या आधीच्या खर्ड्यात अडुसष्टाव्या सेकंदाला एक वाक्य होतं: ‘चूक झाली, तर अठ्ठेचाळीस तासांत मीच दुरुस्त करू शकते.’ माहिती खरी आणि उपयोगी. तरी ते काढलं, कारण ते ऐकताच बघणाऱ्याचं मन ‘दुरुस्त कशी करायची?’ या नव्या प्रश्नाकडे वळतं, आणि त्याचं उत्तर फितीत नाही. ज्या वाक्यामुळे नवा प्रश्न उभा राहतो आणि ज्याचं उत्तर पुढच्या दहा सेकंदांत मिळत नाही, ते वाक्य दुसऱ्या फितीचं असतं.

मुदतीची तारीखही आवाजातून काढली. खरिपाच्या नोंदणीच्या तारखा दर हंगामाला जाहीर होतात आणि त्यांना मुदतवाढही मिळते. तारीख आवाजात गेली तर सगळं निवेदन पुन्हा करावं लागेल. शेवटच्या पाटीवर ठेवली तर एक पाटी बदलली की झालं. किमती, दूरध्वनी क्रमांक, आवृत्तीचा क्रमांक, योजनेची रक्कम या साऱ्या शिळ्या होणाऱ्या गोष्टी पाटीवरच ठेवाव्यात.

सुरुवातीचं बोधचिन्ह आणि मान्यवरांचे फोटोही नाहीत. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फीत उघडली जाते तेव्हा पहिल्या चार-पाच सेकंदांतच पुढे बघायचं की नाही हे ठरतं. ते सेकंद रिकाम्या रकान्याला द्यायचे. ज्यांचं बोधचिन्ह लावणं भाग आहे, त्यांना शेवटच्या पाटीवर जागा द्या.

चित्रीकरणाआधी तीन परीक्षा

पहिली परीक्षा कानाची. उजवा रकाना घड्याळ लावून मोठ्यानं वाचा, चित्राच्या जागी थांबत. ९० सेकंद ओलांडले तर बोलण्याचा वेग वाढवू नका, एक वाक्य काढा. वाचताना श्वास अडला तर ते वाक्य दोन करा.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. फोननं एक कच्ची फीत काढा आणि आवाज बंद करून कोणाला तरी दाखवा. बसमध्ये, बाजारात, दवाखान्यात लोक बऱ्याचदा आवाजाशिवायच बघतात. रिकामा रकाना, ०.४० आणि भरलेला रकाना एवढ्या तीन गोष्टी आवाजाशिवाय कळल्या पाहिजेत. कळल्या नाहीत तर त्या जागी खाली मोठ्या अक्षरात पाच-सहा शब्द टाका. सगळं निवेदन खाली लिहून काढू नका. ते वाचण्याच्या नादात पडदा बघायचा राहून जातो.

तिसरी परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. ज्यानं ॲप कधीच वापरलेलं नाही, अशा माणसाला फीत एकदाच दाखवा आणि विचारा: ‘ती बाई कुठे अडली होती?’ ‘ॲप कसं वाटलं’ हे विचारू नका, त्याला सगळे ‘छान’ म्हणतात. उत्तर ‘फोटो काढायचा होता’ असं आलं, तर पहिले बारा सेकंद कच्चे आहेत. ‘पेरा चढवायचा होता, पण कशासाठी ते कळलं नाही’ असं आलं, तर आधारभूत केंद्राचं वाक्य दबलेलं आहे. ‘सातबाऱ्यावर धान नव्हता, मग केंद्रावर घेणार नव्हते’ असं आलं, तर स्क्रिप्ट जमली. मग दुसरा प्रश्न: ‘एक एकराला काय टाकलं?’ हे सांगता आलं, तर मधला भागही जमला.

रेकॉर्डिंगच्या वेळी

ई-पीक पाहणीसारख्या ॲपमध्ये सरावासाठी खोटी नोंद करून बघू नका. ती सरकारी दप्तरातली नोंद आहे. ज्या शेतकरी बाईची नोंद खरंच व्हायची आहे, तिच्या परवानगीनं, तिच्या नोंदीच्या वेळीच पडदा रेकॉर्ड करा, आणि नाव, खाते क्रमांक, गट क्रमांक, मोबाइल क्रमांक नंतर पुसट करा. सातबाऱ्याच्या दोन्ही प्रतींवरही हेच. स्वतःचं ॲप असेल, तर डेमोसाठी वेगळं खातं बनवून त्यात पटणारी माहिती भरा. क्षेत्राच्या चौकटीत ‘९९९’ किंवा नावात ‘टेस्ट’ दिसलं की बघणाऱ्याचा विश्वास उडतो.

वेळ हंगामाची धरा. धान उभा असतानाच फोटो निघतो. कापणी झाल्यावर डेमोची आठवण झाली तर वर्ष गेलं. शिवाय नोंद सुरुवातीला आणि नवा सातबारा शेवटी, म्हणजे चित्रीकरण दोन वेगळ्या दिवशी होणार. दोन्ही दिवशी तीच साडी, तीच पिशवी, तीच टेबलावरची जागा, हे वहीत लिहून ठेवा.

फोनवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, अक्षरं मोठी करा, उजेड पूर्ण ठेवा. भर उन्हात पडदा कॅमेऱ्यात काळा दिसतो, म्हणून पडद्याचं चित्र फोनच्याच स्क्रीन रेकॉर्डरनं घ्या आणि बाहेरून फक्त हात आणि बांधी टिपा. फीत उभी ठेवा, कारण बघणाऱ्याचा फोनही उभाच असतो.

निवेदन बांधीत रेकॉर्ड करायचा विचार सोडून द्या. बिरसीला वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. सरावाची छोटी विमानं डोक्यावरून जातात तेव्हा वाक्याचा शेवट ऐकूच येत नाही. आवाज घरात, पंखा बंद करून, गोधडी किंवा कपड्यांच्या कपाटाजवळ बसून घ्या आणि चित्राला नंतर जोडा. शेतातला खरा आवाज हवाच असेल तर पहिल्या तीन सेकंदांपुरता ठेवा. रेकॉर्डिंगला बसताना निवेदन करणाऱ्या बाईला स्क्रिप्ट पाठ करायला लावू नका. एकेक वाक्य वाचून दाखवा आणि तिला ते तिच्या बोलीत म्हणू द्या. तिनं ‘रिकामा’ऐवजी ‘कोराच’ म्हटलं, तर कागदावर तेच लिहा.

फीत तयार झाली की एक वही उघडून ठेवा. ती बघून लोक जे प्रश्न विचारतील ते त्यात लिहा: संयुक्त खात्यात कोणी नोंद करायची, रेंज नसेल तर काय, नोंद चुकली तर कुठे दुरुस्त करायची. यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे एका माणसाची एक अडचण, आणि म्हणून पुढच्या नव्वद सेकंदांचा तयार विषय. मात्र पहिल्या फितीत घुसवण्यासाठी त्यातलं एकही वाक्य उचलू नका.